लॅपटॉपचा चार्जर गेला? ओरिजिनल, दुसऱ्या कंपनीचा की रिफर्बिश्ड: खेड्यात राहून कसा निवडायचा

लॅपटॉपचा चार्जर बहुधा उन्हाळ्यात नाहीतर पावसाच्या पहिल्या वादळात जातो, म्हणजे नेमकं दहावी-बारावीच्या निकालानंतर अॅडमिशनचे फॉर्म भरायच्या दिवसांत. मग तालुक्याच्या दुकानात गेलं की काउंटरवर चार प्रकारचे चार्जर समोर येतात आणि किंमत ४०० पासून २,२०० पर्यंत. दिसायला सगळे सारखेच काळे डबे. दुकानदार म्हणतो, "भाऊ, ओरिजनलच हाय हे, फक्त डबा नाई." नवीन माणूस तिथंच अडकतो.

मी इथे फक्त लॅपटॉपच्या चार्जरबद्दल लिहितोय, कारण मोबाइलपेक्षा यात पैसे जास्त जातात आणि चूक झाली तर मदरबोर्डचा खर्च येतो. उदाहरण डेलच्या ६५ वॅटच्या गोल पिनवाल्या चार्जरचं घेतलं आहे. खेड्यातल्या सेवा केंद्रांत आणि विद्यार्थ्यांकडे हा खूप दिसतो, आणि त्यात एक अशी भानगड आहे जी दुकानात कोणी आपणहून सांगत नाही.

आधी खात्री करा की चार्जरच गेला आहे

चार्जरचे तीन भाग असतात: भिंतीतून येणारी जाड केबल, मधला डबा आणि लॅपटॉपला लागणारी बारीक वायर. जाड केबल डब्यातून काढता येते आणि बऱ्याचदा तीच खराब असते. प्लग थोडा हलवल्यावर डब्यावरचा दिवा लुकलुकत असेल, तर आधी शेजाऱ्याची केबल लावून पाहा. ती शंभर-दीडशे रुपयांत मिळते आणि नवीन चार्जरचा खर्च वाचतो.

दुसरी गोष्ट, तुमच्या लॅपटॉपला चालणारा कोणाचा तरी चांगला चार्जर लावून पाहा. त्यानंही चार्जिंग होत नसेल तर दोष लॅपटॉपमध्येच आहे, नवीन चार्जर घेऊन उपयोग नाही.

तिसरी गोष्ट बहुतेक जण विसरतात. लॅपटॉप वॉरंटीत आहे का ते बघा. डेलच्या लॅपटॉपखाली सात अक्षर-अंकांचा सर्व्हिस टॅग असतो. तो कंपनीच्या वेबसाइटवर टाकला की वॉरंटीची तारीख समोर येते. लॅपटॉप वॉरंटीत असेल तर त्याच्या डब्यातून आलेला चार्जरही साधारणपणे वॉरंटीत असतो. अशा वेळी दुकानात जायच्या आधी कंपनीला फोन करायचा.

लेबलवरचे दोन आकडे आणि पिन

जुन्या चार्जरच्या लेबलवर `OUTPUT` असं लिहिलेली ओळ शोधा. आपल्या उदाहरणात तिथे १९.५ व्होल्ट आणि ३.३४ अँपिअर आहे. दोघांचा गुणाकार केला की ६५ वॅट होतात.

यात व्होल्ट जुळलेच पाहिजेत. वॅट मात्र सारखे किंवा जास्त असले तरी चालतात, कारण लॅपटॉप लागेल तेवढाच करंट ओढतो. ६५ च्या जागी ९० वॅटचा चार्जर लावला तर काही बिघडत नाही. उलट ४५ वॅटचा लावला तर तो तापत राहतो, बॅटरी हळू भरते आणि लॅपटॉप रेंगाळतो. एचपीच्या ६५ वॅटवरही १९.५ व्होल्टच असतात, लेनोव्होच्या चार्जरवर सहसा २० असतात, पण पिना वेगवेगळ्या आहेत. म्हणून दुकानात जाताना जुना चार्जर आणि लॅपटॉप दोन्ही सोबत न्या. फोनवर "डेलचा द्या" असं सांगून मागवू नका, कारण डेलच्याच दोन जाडीच्या पिना बाजारात आहेत.

मधली बारीक सुई

डेलच्या गोल पिनच्या आत मध्यभागी एक बारीक सुई असते. बाहेरचं कडं आणि आतली भिंत यांतून वीज येते. सुईतून वीज येत नाही, तिच्यातून माहिती येते. चार्जरच्या आत एक छोटी चिप असते आणि ती या सुईवाटे लॅपटॉपला सांगते की मी ६५ वॅटचा आहे. लॅपटॉपला हा निरोप मिळाला नाही, तर चालू करताना स्क्रीनवर असं काहीसं येतं:

```
The AC power adapter wattage and type cannot be determined.
The battery may not charge.
```

यानंतर लॅपटॉप चार्जरवर चालतो, पण बॅटरी चार्ज करत नाही आणि प्रोसेसरचा वेग कमी करून टाकतो. सेवा केंद्रात हे फार जाचतं. लाइन गेली की लॅपटॉप लगेच बंद पडतो आणि अर्धवट भरलेला फॉर्म पुन्हा पहिल्यापासून भरावा लागतो.

४०० रुपयांच्या बिनालेबलच्या चार्जरमध्ये ही चिप कधी नसते, कधी नकली असते. नकली चिपचा धोका जास्त आहे. चिप जे सांगते ते लॅपटॉप खरं मानतो, तपासून पाहत नाही. आतला माल ४५ वॅटचा आणि चिप सांगते ६५, असं असलं तर स्क्रीनवर काहीच तक्रार येत नाही आणि चार्जर मुकाट्यानं तापत राहतो.

हे तपासायला एक मिनिट लागतं. लॅपटॉप चालू करताना `F2` दाबत राहा. निळ्या-करड्या सेटिंगच्या पानावर बॅटरीच्या माहितीत अॅडॉप्टरची ओळ असते. तिथे ६५ वॅट दिसलं तर निरोप पोचतोय. अनोळखी किंवा काहीच लावलेलं नाही असं दिसलं तर तो चार्जर परत करा. एक सावधगिरी: ओरिजिनल चार्जरची सुई वाकली किंवा लॅपटॉपच्या सॉकेटमधला संपर्क ढिला झाला, तरी हाच संदेश येतो. म्हणून आधी पिनमध्ये टॉर्च मारून सुई सरळ आहे का ते बघा. मल्टिमीटरची टोकं मात्र स्वतः तिथे घालू नका. सुई आणि आतली भिंत एकमेकांना टेकली तर चिप जळते.

स्वस्त चार्जरमध्ये काय काढून टाकलेलं असतं

किमतीचा खरा फरक डब्याच्या आत असतो. आपल्याकडच्या लाइनचा हिशोब धरला तर हा भाग सगळ्यात महत्त्वाचा.

लेबलवर इनपुट १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं. शहरात लाइन या मर्यादेच्या आसपास राहते. खेड्यात डीपीवरचा न्यूट्रल ढिला झाला किंवा वादळात तुटला की काही घरांत अचानक ३०० च्या वर व्होल्टेज येतं. बल्ब लख्ख पेटतात आणि पटापट उडतात, हे गावातल्या प्रत्येकानं पाहिलेलं असतं. अशा वेळी चांगल्या चार्जरमध्ये आत येणाऱ्या बाजूला दोन गोष्टी असतात: एक फ्यूज आणि एक व्हॅरिस्टर नावाची गोल चकती. व्होल्टेज खूप वाढलं की चकती स्वतः जळून लाइन शॉर्ट करते, फ्यूज उडतो आणि चार्जर मरतो. लॅपटॉप वाचतो.

बिनानावाच्या चार्जरमध्ये ही चकती बहुधा नसतेच. शिवाय २३० व्होल्टची बाजू आणि लॅपटॉपकडची बाजू यांच्यात सर्किट बोर्डावर काही मिलिमीटरचं मोकळं अंतर ठेवावं लागतं. खर्च आणि आकार कमी करायला ते अंतर कमी केलेलं असतं. पावसाळ्यातला ओलावा, धूळ आणि झुरळं डब्यात शिरली की इथूनच वीज पलीकडे उडी मारू शकते. मग लॅपटॉप तर जातोच, पण त्याला हात लावलेला माणूसही धोक्यात येतो.

यावर लोकांचा नेहमीचा प्रश्न असतो: "पण आमच्या ओरिजनल चार्जरनंही हाताला मुंग्या येतात न जी!" येतात, आणि त्यात बहुधा चार्जरचा दोष नसतो. तीन पिनांच्या चार्जरमध्ये विजेतली खरखर गाळायला एक छोटा कपॅसिटर असतो आणि त्यातून अगदी थोडा करंट अर्थिंगकडे जातो. घरात अर्थिंगच नसेल तर तो करंट लॅपटॉपच्या धातूच्या बॉडीवर येऊन थांबतो. बोट हलकेच फिरवलं की सरसरल्यासारखं वाटतं, टेस्टर लावला तर मंद दिवा लागतो. यावर उपाय घरातला आहे. बोर्डातल्या तिसऱ्या भोकात खरंच अर्थ आली आहे का, ते वायरमनकडून तपासून घ्या. फेज आणि अर्थ यांच्यात मल्टिमीटरवर साधारण २३० व्होल्ट दिसले पाहिजेत आणि न्यूट्रल व अर्थ यांच्यात फक्त दोन-चार. दोन पिनांचा कन्व्हर्टर लावून किंवा तिसरी पिन कापून काम भागवू नका. अर्थिंग ठीक असूनही झटका बसत असेल, तर तो चार्जर त्याच क्षणी काढून ठेवा. मग तो कुठल्या का कंपनीचा असेना.

चार पर्याय, माझ्या नजरेतून

कंपनीचा ओरिजिनल चार्जर साधारण १,५०० ते २,५०० रुपयांत येतो. चिप, व्हॅरिस्टर, अंतर हे सगळं जागेवर असतं. अडचण अशी की ऑनलाइन विकला जाणारा प्रत्येक "ओरिजिनल" कंपनीचा नसतो. मथळ्यात डेल लिहिलेलं असतं आणि खाली बारीक अक्षरात "डेलसाठी कम्पॅटिबल". विकणारा कोण आहे ते वाचा. कंपनीची स्वतःची साइट, अधिकृत सर्व्हिस सेंटर किंवा बिल देणारा अधिकृत विक्रेता, एवढंच मी मोजतो.

नाव असलेल्या दुसऱ्या कंपनीचा चार्जर ७०० ते १,२०० रुपयांत मिळतो. यात चांगलेही आहेत. ओळखायची खूण म्हणजे भारतीय मानक ब्युरोची नोंदणी. आयटी उपकरणांच्या अॅडॉप्टरसाठी ही नोंदणी सरकारच्या आदेशानं सक्तीची आहे. लेबलवर ब्युरोचं चिन्ह आणि `R-` नंतर आठ आकडे असतात. फोनवर `BIS Care` हे अॅप घ्या, त्यात हा नंबर टाका. उत्पादकाचं नाव, ब्रँड आणि वस्तूचा प्रकार समोर येतो. नुसता नंबर सापडला म्हणून खूश होऊ नका. काही जण दुसऱ्याच वस्तूचा नंबर छापतात. अॅपमध्ये एलईडी ड्रायव्हर दिसतोय आणि हातात लॅपटॉपचा चार्जर आहे, तर तो खाली ठेवा.

रिफर्बिश्ड ५०० ते ८०० रुपयांत मिळतो, आणि या एका शब्दाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. पहिली म्हणजे मोठ्या ऑफिसांचे जुने लॅपटॉप लॉटमध्ये निघतात, त्यांच्यासोबत आलेला न उघडलेला कंपनीचा चार्जर. तो माझ्या मते बिनानावाच्या नव्या चार्जरपेक्षा कितीतरी चांगला. दुसरी म्हणजे जळालेला चार्जर उघडून, भाग बदलून, डिंकानं चिकटवून विकलेला. तो घेऊ नये. फरक डोळ्यांनी कळतो. कारखान्यात डब्याचे दोन भाग वितळवून जोडतात, त्यामुळे सांधा एकसारखा असतो. उघडलेल्या डब्याच्या सांध्यावर स्क्रूड्रायव्हरचे ओरखडे, डिंकाची चमक किंवा बारीक फट दिसते. मग वायर बोटांमधून पूर्ण फिरवा. डब्याजवळ किंवा पिनजवळ गाठ, टेप किंवा फुगवटा लागला तर वायर तोडून जोडली आहे. लेबल फिकट झालेलं असलं तरी चालेल, नवंकोरं लेबल जुन्या डब्यावर असलं तर शंका घ्या.

चौथा पर्याय बिनानावाचा, ३५० ते ४५० रुपयांचा. तो मी कोणालाच सुचवत नाही.

काउंटरवरची परीक्षा

लॅपटॉपची बॅटरी ३०-४० टक्क्यांवर आणून दुकानात जा. भरलेल्या बॅटरीवर चार्जरला काही काम पडत नाही आणि खराब चार्जरही पास होतो. दुकानदार मल्टिमीटर लावून "पाहा, साडेएकोणीस येते" असं दाखवेल. ते रिकाम्या चार्जरचं व्होल्टेज आहे, लोड आल्यावर ते किती टिकतं हा खरा प्रश्न आहे.

म्हणून चार्जर लावा, व्हिडिओ चालू करा, स्क्रीन पूर्ण उजळ ठेवा आणि वीस मिनिटं बसा. चहा मागवा हवं तर. बॅटरीचा टक्का वाढतोय का ते बघा. टचपॅडवर बोट फिरवा. चार्जर लावल्यावर कर्सर उड्या मारत असेल आणि काढल्यावर नीट चालत असेल, तर चार्जरमधून खराब वीज येते आहे किंवा दुकानातच अर्थिंग नाही. दुसऱ्या बोर्डावर एकदा लावून पाहिलं की कळतं. शेवटी डब्याला तळहात लावा. गरम लागणं ठीक आहे, पण पाच सेकंद हात ठेवता येत नसेल किंवा प्लॅस्टिकचा वास येत असेल, तर नको. ही परीक्षा मे महिन्यात घेतली तर उत्तम. बहुतेक चार्जर ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात आणि आपल्याकडे अकोला, चंद्रपूरला पारा ४५ च्या वर जातो. घरीही तो गादीवर किंवा पांघरुणाखाली न ठेवता फरशीवर मोकळा ठेवा.

दारव्ह्याकडचं एक उदाहरण

दारव्हा तालुक्यातल्या एका गावात एक ताई सेवा केंद्र चालवते. तिचा डेलचा लॅपटॉप जुना, वॉरंटी संपलेली, चार्जर ६५ वॅटचा बारीक पिनवाला. केबल बदलून पाहिली, दुसऱ्याचा चार्जर लावला तर चार्ज होत होता. म्हणजे डबाच गेलेला. यवतमाळला दुकानात तिला भाव मिळाले असे: ओरिजिनल २,१००, पण मागवावा लागेल आणि आठवडा लागेल, दुसऱ्या कंपनीचा ९५०, रिफर्बिश्ड ७५०, साधा ४००.

आठवडा थांबणं शक्य नव्हतं. आधी ९५० वाला लावला. अॅपमध्ये त्याचा नंबर नीट जुळला, चार्जर चांगला होता. पण `F2` च्या पानावर तो अनोळखी दिसला, कारण तो बदलत्या पिनांचा सर्वसाधारण चार्जर होता आणि त्यात डेलची चिप नव्हती. सुरक्षित असूनही तिच्या कामाचा नाही. मग रिफर्बिश्ड. पहिल्या नगाची वायर पिनजवळ फुगलेली होती, तो बाजूला ठेवला. दुसऱ्याचा सांधा स्वच्छ, वायर अखंड, पानावर ६५ वॅट. वीस मिनिटांत बॅटरी चढली आणि डबा कोमट राहिला. तिनं तो घेतला.

वॉरंटीवर थोडी ओढाताण झाली. दुकानदार व्हिजिटिंग कार्डावर "३ महिने" लिहून देत होता. तिनं पक्कं बिल मागितलं, त्यावर चार्जरचा सिरियल नंबर आणि सहा महिने लिहून घेतले. शिवाय एक प्रश्न विचारला जो सगळ्यांनी विचारावा: "जळाला तर बदलून देता का, की जळाला म्हणून वॉरंटी नाही म्हणाल?" बऱ्याच दुकानांच्या वॉरंटीत जळालेला, वायर तुटलेला आणि पिन वाकलेला चार्जर बसत नाही. मग उरतंच काय? हे आधीच बोललं तर दुकानदारही मोकळेपणानं सांगतो.

हाच लॅपटॉप वॉरंटीत असता तर मी तिला रिफर्बिश्ड घेऊ दिला नसता. दुसऱ्या चार्जरनं वॉरंटी आपोआप संपत नाही, पण त्या चार्जरमुळे मदरबोर्ड जळाला असं कंपनीला दिसलं, तर तो खर्च बहुतेक कंपन्या देत नाहीत. मदरबोर्डचा खर्च आणि ओरिजिनल-रिफर्बिश्ड यांच्यातला १,३५० रुपयांचा फरक शेजारी ठेवले की उत्तर सोपं आहे. आणि लॅपटॉप टाइप-सी पिनचा असता तर निर्णय उलट, ९५० वाला नोंदणीकृत चार्जर. तिथे चार्जर आणि लॅपटॉप यांचं बोलणं कंपनीच्या नव्हे तर सगळ्यांच्या सामाईक नियमानं होतं. फक्त केबल सोबत चांगली हवी, कारण साध्या टाइप-सी केबलमधून ६० वॅटच्या वर मिळत नाही.

घरी आणल्यावर

बिलाचा आणि चार्जरच्या लेबलचा फोटो काढून ठेवा, थर्मल कागदावरचं बिल दोन-तीन महिन्यांत पुसट होतं. वादळ दिसलं की चार्जर बोर्डातून काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. गावात लाइनमध्ये अचानक व्होल्टेज उसळत असेल तर चार्जर चांगल्या स्पाइक गार्डवर लावा. तोही अर्थिंग असेल तरच पूर्ण काम करतो. इन्व्हर्टरवर लावल्यावर डब्यातून गुणगुण ऐकू येत असेल, तर इन्व्हर्टर बहुधा स्क्वेअर वेव्हचा आहे. लाइन नसताना तेवढ्यापुरता वापरा, दिवसभर नको.

वॉरंटीच्या मुदतीत चार्जर गेला आणि दुकानदार टाळू लागला, तर आधी बिलाचा फोटो आणि काय झालं ते व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवा, म्हणजे तारखेचा पुरावा राहतो. तरी ऐकलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. तिथे बिल नंबर, दुकानाचं नाव आणि वस्तूची किंमत विचारतात, म्हणून फोन लावताना बिल हातात ठेवा.